निलगिरीचा थेंब आणि निलगिरीचा चमचा

उटीची सहल करून परतणाऱ्या मराठी माणसाच्या पिशवीत चहाची पुडी असते, घरगुती चॉकलेटचा डबा असतो आणि निलगिरी तेलाची एक बाटली असतेच. ती पुढे कित्येक वर्षं औषधांच्या डब्यात पडून राहते. सर्दी झाली की वाफाऱ्याच्या पातेल्यात दोन थेंब, डोकं दुखलं की कपाळावर एक बोट, गुडघा धरला की थोडं खोबरेल घालून मालिश. या सगळ्या वापरांत तेल शरीराबाहेर राहतं किंवा वाफेतून थोडंसं आत जातं.

अलीकडे या बाटलीचा आणखी एक वापर सुरू झाला आहे. सकाळी कोमट पाण्यात एक-दोन थेंब, लिंबू-मधाच्या पाण्यात पेपरमिंट तेलाचा थेंब, ग्रीन टीमध्ये लिंबाच्या सालीचं तेल, पाण्याच्या बाटलीत तुळस अर्क. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: बाटलीवर ‘फूड ग्रेड’ लिहिलंय, म्हणजे पोटात घ्यायला हरकत नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे. तो कुठे चुकतो हे समजून घ्यायला निलगिरी तेल उत्तम, कारण ते जवळजवळ प्रत्येक घरात असतं आणि त्याच्या विषबाधेची नोंद वैद्यकात बरीच जुनी आणि तपशीलवार आहे.

सुरुवात भट्टीपासून करू. निलगिरीची पानं मोठ्या पात्रात भरून त्यांतून वाफ सोडतात. पानांच्या सूक्ष्म पिशव्यांमधला सुगंधी द्रव त्या वाफेबरोबर उडतो, पुढे थंड नळीत वाफेचं पाणी होतं आणि त्या पाण्यावर तेलाचा थर तरंगतो. तो काढून घेतला की झालं निलगिरी तेल. शंभर किलो ओल्या पानांतून साधारण एक-दोन किलो तेल निघतं, म्हणजे एका छोट्या बाटलीत अर्धा-एक किलो पाल्याचा अर्क बसतो. शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या तेलाशी त्याचं रासायनिक नातं काही नाही. खाद्यतेल म्हणजे स्निग्ध पदार्थ, शरीर त्याचं पचन करून ऊर्जा मिळवतं. निलगिरी तेल म्हणजे उडून जाणाऱ्या लहान रेणूंचं मिश्रण. त्यातला मुख्य रेणू १,८-सिनिओल. औषधी दर्जाच्या तेलात तो किमान ७० टक्के असावा लागतो, आणि तेल पुन्हा ऊर्ध्वपातित करून घेतलं तर ८० टक्क्यांवरही जातो. झाडाने हा रेणू बनवला तो पानं खाणाऱ्या किड्यांना दूर ठेवण्यासाठी. निलगिरी तेल अन्न म्हणून घेण्याची परंपरा माणसात नाही.

पानांचा काढा आणि तेलाचा थेंब यांत किती फरक पडतो, ते पुदिन्याच्या चहावरून मोजता येतं. वाळलेल्या पेपरमिंटच्या पानांत साधारण सव्वा टक्का तेल असतं. एका कपाला दीड ग्रॅम पानं घेतली तर त्यांत अठरा-एकोणीस मिलिग्रॅम तेल भरतं. उकळत्या पाण्यात झाकून ठेवली तरी त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा कपात उतरतो, म्हणजे तीन-चार मिलिग्रॅम. बाटलीतून पडणारा एक थेंब मात्र तीस मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे एक थेंब आठ-दहा कपांच्या बरोबरीचा. एका थेंबात अठ्ठावीस कप चहा असतो असा आकडा सगळीकडे फिरतो. तो अतिशयोक्त आहे, आणि ही तेलं टाळा असं सांगणाऱ्यांनीही तो वापरू नये. खरा आकडाही पुरेसा मोठा आहे.

आता तो थेंब पाण्याच्या पेल्यात टाकला की काय होतं ते पाहू. तो विरघळत नाही, वर तरंगतो. चमच्याने जोरात ढवळलं तर पाणी क्षणभर ढगाळ दिसतं आणि थोड्याच वेळात तेलाचे बारीक ठिपके पुन्हा पृष्ठभागावर जमतात. लिंबू-संत्र्याच्या तेलात हे फार स्पष्ट दिसतं. त्यांतला लिमोनिन नावाचा घटक पाण्यात लिटरला जेमतेम दहा-पंधरा मिलिग्रॅम विरघळतो. पेल्याचं पाणी फार तर दोन-तीन मिलिग्रॅम सामावून घेतं, आणि थेंबात असतात पंचवीस-तीस. बाकीचं सगळं शुद्ध तेल म्हणून वर राहतं. सिनिओल त्या मानाने बराच अधिक विरघळतो, पण तो विरघळण्याइतका वेळ आपण थांबत नाही. म्हणून पेला ओठांना लावला की पहिल्या घोटातच तेलाची बहुतेक मात्रा तोंडात येते, तीही न पातळलेली. ओठांची आणि जिभेची आग, घशात भाजल्यासारखं वाटणं, नंतर छातीत जळजळ आणि तेलाच्या वासाचे ढेकर ही तक्रार करणाऱ्या माणसांनी थेंब पाण्यात ‘मिसळून’ घेतलेला असतो. पेलाभर पाण्याने तेल पातळ होतं ही समजूत डोळ्यांना पटते, रसायनशास्त्राला पटत नाही.

मध, साखर किंवा सैंधव घातल्यानेही यात फरक पडत नाही. तेल त्यांना चिकटतं आणि पाण्यात गेल्यावर सुटून वर येतं. शीतपेयांचे कारखाने संत्र्याचं तेल वापरतात तेव्हा ते आधी बाभूळवर्गीय झाडाच्या डिंकाबरोबर यंत्रात घुसळून अतिसूक्ष्म कणांचं दुधाळ मिश्रण करतात आणि मग ते पेयात घालतात. तेव्हा कुठे बाटलीच्या तळाच्या आणि गळ्याच्या घोटात सारखंच तेल येतं. हे स्वयंपाकघरात जमत नाही. लिंबाच्या तेलाचा थेंब थर्माकोलच्या कपात पडला तर कप विरघळायला लागतो. आपलं जठर थर्माकोलचं नाही, त्यामुळे यावरून आतड्याला भोक पडेल असं म्हणणं चूक ठरेल. पण असा द्रव तोंडात आणि अन्ननलिकेत सरळ टेकू द्यायचा नसतो, एवढं त्यावरून नक्की कळतं.

पोटात गेल्यावर निलगिरी तेल झपाट्याने शोषलं जातं. रेणू लहान आहे आणि स्निग्ध पदार्थांत सहज मिसळतो, त्यामुळे तो आतड्याचं अस्तर ओलांडतो, रक्तात येतो आणि मेंदूभोवतीचं संरक्षक कवचही ओलांडतो. यकृत त्याचं रूपांतर करून तो लघवीवाटे बाहेर टाकतं, थोडा श्वासातूनही जातो. विषबाधा झालेल्या माणसाच्या श्वासाला निलगिरीचा वास येतो तो यामुळे. मात्रा थोडी असेल तर यकृत हे काम निमूटपणे उरकतं. मात्रा वाढली की मेंदू मंदावतो: गुंगी, अडखळती चाल, बोलण्यात जडपणा, मग बेशुद्धी. काहींना याच्या उलट फीट येते. लक्षणं बहुधा पहिल्या अर्ध्या तासात दिसतात, कधी दहा मिनिटांतही, पण काही रुग्णांत ती चार तासांपर्यंत उशिरा आलेली आहेत.

दुसरा धोका फुफ्फुसांचा, आणि तो पचनाशी निगडित नाही. हे तेल खाद्यतेलाहून कितीतरी पातळ असतं आणि ओल्या पृष्ठभागावर भरकन पसरतं. गिळताना ठसका लागला किंवा उलटी होताना थोडं श्वासनलिकेत गेलं, तर ते वायुकोशांपर्यंत पोहोचतं आणि तिथे रासायनिक दाह होतो. त्यातून होणारा न्यूमोनिया जंतूंमुळे झालेला नसतो, म्हणून केवळ प्रतिजैविकं देऊन तो आटोपत नाही. रॉकेल प्यालेल्या मुलाला उलटी करवू नये असं डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. इथेही कारण तेच.

मात्रेचं गणित मात्र सावकाश करायला हवं, कारण सगळा घोटाळा त्यातच आहे. निलगिरीचा एक मिलिलिटर साधारण ०.९ ग्रॅम भरतो. बाटलीच्या तोंडाला बसवलेल्या प्लास्टिकच्या बुचातून पडणारे वीस ते पस्तीस थेंब मिळून एक मिलिलिटर होतो. बूच, तेलाची घनता आणि बाटली किती तिरकी धरली यावर थेंबाचा आकार बदलतो. काचेच्या ड्रॉपरचा थेंब वेगळा, बुचाचा वेगळा. म्हणजे ‘थेंब’ हे मापच पक्कं नाही. तरी आपण एक थेंब तीस मिलिग्रॅमचा धरू.

साठ किलो वजनाच्या मोठ्या माणसाने असा एक थेंब घेतला, तर किलोमागे अर्धा मिलिग्रॅम तेल झालं. एवढ्याने विषबाधा होत नाही, आणि होते असं सांगणं खोटं ठरेल. युरोपात निलगिरी तेलाच्या कॅप्सूल सर्दी-खोकल्यासाठी मोठ्या माणसांना देतात, एका कॅप्सूलमध्ये शंभर-दोनशे मिलिग्रॅम. आतड्याच्या विकारासाठी पेपरमिंट तेलाची ०.२ मिलिलिटरची कॅप्सूलही डॉक्टर लिहून देतात. तेव्हा ही तेलं पोटात कधीच जाऊ शकत नाहीत असं नाही. पण त्या कॅप्सूलला असं आवरण असतं की ती जठरात फुटत नाही, आतड्यात फुटते. तोंड, घसा आणि अन्ननलिका यांना तेलाचा स्पर्शच होत नाही. मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजलेली असते, किती दिवस घ्यायची ते ठरलेलं असतं आणि कोणाला द्यायची नाही तेही लिहिलेलं असतं. पेल्यातल्या थेंबाला यातलं काहीच नसतं.

आता तीच बाटली दुसऱ्या हातात द्या. समजा, तीन वर्षांचं मूल आहे, वजन चौदा किलो. रात्री खोकला सुरू झाला, दिवा न लावता कोणीतरी औषधांच्या डब्यातली बाटली उचलली आणि चमचाभर पाजलं. पाच मिलिलिटर, म्हणजे साडेचार ग्रॅम तेल. भागाकार केला तर किलोमागे तीनशेवीस मिलिग्रॅम. मोठ्या माणसाच्या एका थेंबाच्या तुलनेत हे सहाशेपटीहून जास्त आहे. जुन्या वैद्यकीय नोंदींत साडेतीन ते पाच मिलिलिटर निलगिरी तेलाने मोठी माणसं दगावल्याची उदाहरणं आहेत, आणि त्याहून कितीतरी जास्त पिऊन वाचलेलीही आहेत. म्हणून ‘इतक्यापर्यंत सुरक्षित’ अशी रेघ ओढता येत नाही. थेंब आणि चमचा यांच्यातलं अंतर मात्र स्वयंपाकघरात एका झाकणाएवढंच असतं.

मेलबर्नच्या रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये १९८१ ते १९९२ या काळात निलगिरी तेल पोटात गेलेल्या १०९ मुलांचा आढावा १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलिया हे निलगिरीचं माहेर, तिथे हे तेल घरोघरी असतं. त्या मुलांपैकी ५९ टक्क्यांना लक्षणं दिसली, त्यांत गुंगी, उलट्या आणि अडखळती चाल ठळक होती. पाच मिलिलिटर किंवा त्याहून अधिक तेल गेल्याचा अंदाज असलेली काही मुलं पूर्ण बेशुद्ध झाली होती. पण त्याच देशातल्या क्वीन्सलँडमध्ये ४१ मुलांचा जो आढावा निघाला, त्यांतल्या ८० टक्के मुलांना काहीच झालं नव्हतं, आणि किती प्यालं त्यावरून किती त्रास होईल हे सांगता येत नाही असं तिथल्या डॉक्टरांना दिसलं. दोन्ही आढावे एकत्र ठेवले पाहिजेत. शेजारच्या मुलाने चाटलं आणि काही झालं नाही, ही गोष्ट खरी असू शकते, पण तिच्यावरून आपल्या मुलाविषयी काहीच ठरत नाही.

न्यू साउथ वेल्सच्या विषबाधा माहिती केंद्राला २०१४ ते २०१८ या काळात सुगंधी तेलांबाबत ४,४१२ फोन आले. जवळपास निम्मे निलगिरीचे होते. बहुसंख्य घटना अपघाती होत्या, आणि त्यांतलं एक नेहमीचं कारण म्हणजे खोकल्याचं औषध समजून हे तेल घेणं. बाटली गडद काचेची, आकार औषधाच्या बाटलीचा, जागाही औषधांच्या डब्यातली. आपल्याकडे वाफाऱ्याच्या दिवसांत हीच बाटली उघडी राहते आणि तेल घातलेलं पातेलं मुलाच्या हाताच्या उंचीवर असतं.

भारतातली नोंद वेगळ्या बाजूची आहे. बेंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या पुढाकाराने दक्षिण भारतातल्या काही रुग्णालयांत चार वर्षं एक पाहणी झाली. पहिल्यांदाच फीट आलेल्या, किंवा औषधांनी आटोक्यात असूनही पुन्हा फीट आलेल्या ३५० मोठ्या माणसांना निलगिरी आणि कापूर असलेल्या वस्तूंच्या वापराबद्दल मुद्दाम विचारलं गेलं. ५५ जणांच्या बाबतीत फीट येण्याआधी असा वापर झालेला होता. त्यात बाम होते, हुंगायची औषधं होती, तेलं होती. हे प्रमाण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यावरून प्रत्येकाची फीट तेलामुळेच आली असं सिद्ध होत नाही. पण ज्याला फिटचा विकार आहे त्याने ही तेलं पाण्यातून घेणं म्हणजे कारण नसताना धोका ओढवून घेणं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन-अडीच वर्षांखालच्या मुलांना तर नाकाजवळ किंवा छातीवरही निलगिरी लावू नये, कारण त्याने स्वरयंत्र आकसून श्वास अडकू शकतो.

घरातल्या इतर बाटल्यांचं विष निराळ्या अवयवाला लागतं. दाढेत कापसाने ठेवतो ते लवंग तेल म्हणजे बहुतांशी युजेनॉल. ते मोठ्या मात्रेत पोटात गेलं की यकृतात त्यापासून एक घातक रेणू बनतो आणि यकृताचा संरक्षक साठा संपवतो, जवळपास पॅरासिटॅमॉलच्या अतिमात्रेसारखंच. लहान मुलाने पाच-दहा मिलिलिटर पिऊन यकृत निकामी होण्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. सांधेदुखीवरचं गंधपुरा तेल, म्हणजेच विंटरग्रीन, हे जवळजवळ निव्वळ मिथाइल सॅलिसिलेट. त्याचा एक चमचा सात ग्रॅम ॲस्पिरिनच्या तोडीचा, म्हणजे ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक गोळ्या. ते पोटात घ्यायचं नाही, एक थेंबही नाही. आणि कापूर, पुदिन्याचं सत्त्व व ओव्याचं सत्त्व समभाग एकत्र करून होणारी अमृतधारा, जी बत्ताशावर दोन थेंब घालून देण्याची रीत आहे, तिच्या थेंबात दहाएक मिलिग्रॅम कापूर असतो. तिच्या चमच्यात मात्र दीड ग्रॅमच्या आसपास, आणि अर्धा ते एक ग्रॅम कापराने लहान मुलं दगावलेली आहेत. पूर्वीच्या पिढीने थेंबाची शिस्त पाळली, आणि ती शिस्तच संरक्षण होती. पाण्याच्या बाटलीत ‘अंदाजाने’ टाकायची सवय ती शिस्त मोडते.

मग ‘फूड ग्रेड’ या शब्दांचा अर्थ काय? हा शेरा वस्तूच्या शुद्धतेविषयी आणि हाताळणीविषयी बोलतो. तेल ज्या वनस्पतीचं म्हणून विकलं जातं तिचंच आहे ना, त्याची घनता आणि प्रकाश वळवण्याचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेत आहे ना, शिसं-आर्सेनिकसारखे धातू नाहीत ना, दुसरं विद्रावक मिसळलेलं नाही ना, भांडी आणि डबे अन्नासाठी योग्य आहेत ना. अन्नपदार्थ बनवणाऱ्या कारखान्याला कच्चा माल घेताना हे सगळं कळणं गरजेचं असतं. हा शेरा त्याच्यासाठी आहे. किती प्यायचं, कोणी प्यायचं आणि नुसतं प्यायचं का, याचं उत्तर त्यात नाही.

लोणच्याच्या कारखान्यात फूड ग्रेड ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड येतं, जवळपास शंभर टक्के तीव्रतेचं. ते खरोखर अन्नाच्या दर्जाचं असतं आणि घोटभर घेतलं तर घसा जाळून टाकतं. त्याच रसायनाचं चार-पाच टक्क्यांचं पाणी म्हणजे आपल्या घरचं व्हिनेगर. सुगंधी तेलाचंही असंच आहे, फक्त इथे पातळ करण्याचं प्रमाण त्याहून कितीतरी मोठं असावं लागतं.

ते किती, हे कायद्याच्या भाषेतून कळतं. अमेरिकेत १९५८ साली अन्नात मिसळल्या जाणाऱ्या पदार्थांचा कायदा बदलला आणि ‘सर्वमान्यपणे सुरक्षित’ असा वर्ग तयार झाला. तेलांच्या बाटल्यांवर आणि जाहिरातींत ज्या ‘ग्रास’ शब्दाचा आधार घेतला जातो तो हाच. पण त्या मान्यतेला एक अट जोडलेली आहे: ठरलेल्या वापरासाठी सुरक्षित. सुगंधी तेलांचा ठरलेला वापर म्हणजे स्वाद आणणं. निलगिरीच्या पानांचा अर्क तिथल्या नियमांत नैसर्गिक स्वादद्रव्य म्हणून नोंदलेला आहे, आणि त्याच नियमात लिहिलं आहे की अपेक्षित परिणाम साधायला लागेल तेवढंच कमीत कमी वापरावं. पेयात हे प्रमाण लिटरला काही मिलिग्रॅम इतकं पडतं. आपण पाव लिटर पाण्यात एक थेंब टाकला तर ते लिटरला एकशेवीस मिलिग्रॅम होतं. त्या मान्यतेने ज्या वापराचा विचारच केला नाही, त्या वापरासाठी आपण तिचा हवाला देत असतो.

भारतात बाटलीवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक असतो आणि तो पाहून अनेकांना धीर येतो. तो क्रमांक सांगतो की या व्यवसायाला अन्नपदार्थ बनवायची किंवा विकायची परवानगी आहे. बाटलीतलं तेल नुसतं प्यायला तपासून मंजूर केलं आहे, असं तो सांगत नाही. आपल्या नियमांत स्वादासाठी काही द्रव्यं वापरण्यावर बंदी आहे, उदाहरणार्थ थुजोन, सॅफ्रोल आणि कुमारिन. वनस्पतीजन्य असूनही ती बंद आहेत. झाडातून आलं म्हणून निर्धोक, हे कायदाही मानत नाही.

‘थेराप्युटिक ग्रेड’ हा शेरा तर याहूनही पोकळ. असा दर्जा ठरवणारी कोणतीही सरकारी यंत्रणा नाही, तो विक्रेत्यांनी घडवलेला शब्द आहे. ‘शंभर टक्के शुद्ध’ खरं असू शकतं, पण ते दिलासा देण्यासारखं नाही. निलगिरी जितकी शुद्ध तितका सिनिओल जास्त, आणि विषबाधा करतो तो सिनिओलच. भेसळ हा एक धोका आहे, मात्रा हा दुसरा, आणि शुद्धतेचं प्रमाणपत्र पहिल्याबद्दलच बोलतं. काही विक्रेते घटकांचा प्रयोगशाळेचा तक्ता देतात. तो प्रामाणिक असला तरी त्यात कोणता रेणू किती टक्के आहे एवढंच असतं.

म्हणून बाटली हातात घेतल्यावर या मोठ्या अक्षरांपेक्षा बारीक मजकूर वाचावा. वनस्पतीचं पूर्ण शास्त्रीय नाव आहे का? स्वादासाठी किती किलो किंवा लिटर पदार्थात किती मिलिग्रॅम, असं लिहिलं आहे का? ‘पातळ केल्याशिवाय वापरू नये’ आणि ‘मुलांपासून दूर ठेवा’ आहे का? मिठाई-केकसाठी विकलं जाणारं खरं स्वादद्रव्य हे सांगतं, आणि बहुधा ते आधीच एखाद्या खाद्य द्रवात पातळ केलेलं असतं. ज्या बाटलीवर एकीकडे ‘फूड ग्रेड’ आणि दुसरीकडे डिफ्यूझर, मालिश, केस, त्वचा अशी यादी आहे, ती बाटली पोटासाठी बनवलेलीच नसते. पुदिन्याची चव हवी तर पाण्यात पुदिन्याची पानं टाकावीत, लिंबाची हवी तर साल किसून घालावी. त्यांतून उतरणारं तेल काही मिलिग्रॅमच्या पलीकडे जातच नाही. आणि औषध म्हणून तेल घ्यायचं असेल तर ते डॉक्टरांनी सांगितलेल्या कॅप्सूलमधून घ्यावं.

तेल पोटात गेलंच तर पहिली गोष्ट, उलटी करवू नका. घशात बोट घालणं, मिठाचं पाणी पाजणं, तूप किंवा दूध देणं, यातलं काही करू नका. तोंड पुसून चूळ भरायला लावा. माणूस सुस्त झाला असेल तर त्याला कुशीवर वळवा. फीट आली तर तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, कुशीवर ठेवून डोक्याखाली मऊ कापड द्या. महाराष्ट्रात १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. दिल्लीच्या ‘एम्स’मधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर दिवसरात्र सल्ला देतं. मुलाने थेंबभर चाटलं की घोटभर प्यालं हे नक्की कळत नसेल तर घोटभर प्यालं असं धरूनच रुग्णालयात न्यावं, आणि लक्षणं नसली तरी किमान चार तास देखरेखीखाली ठेवावं. खोकला, धाप किंवा घरघर सुरू झाली तर तेल फुफ्फुसात गेल्याची ती खूण आहे, आणि तेव्हा छातीचा एक्स-रे लागतो.

बाटली सोबत न्या, झाकणासकट आणि उरलेल्या तेलासकट. आधी किती भरलेली होती आणि आता किती आहे यावरून डॉक्टर मात्रेचा अंदाज बांधतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वनस्पतीचं नाव. निलगिरीवर उतारा नाही, तिथे श्वास सांभाळणं आणि फीट आवरणं हेच उपचार. लवंग तेल असेल तर पॅरासिटॅमॉलच्या विषबाधेवर देतात ते ॲसिटिलसिस्टीन उपयोगी पडू शकतं आणि यकृताच्या तपासण्या पुढे काही दिवस करत राहाव्या लागतात. गंधपुरा असेल तर रक्तातलं सॅलिसिलेट पुन्हा पुन्हा मोजतात आणि शिरेतून सोडा बायकार्ब देऊन ते लघवीवाटे बाहेर काढतात. ‘कसलंसं वासाचं तेल’ एवढ्या माहितीवर यातला कोणता उपचार सुरू करायचा हे डॉक्टरांना ठरवता येत नाही.